मुलीच्या नावाची दुरुस्ती: शाळेला मराठीत ईमेल कसा लिहावा

प्रश्न: ‘मुलगी नववीत आहे. शाळेच्या रजिस्टरमध्ये तिचं नाव स्नेहलऐवजी स्नेहा पडलंय. मुख्याध्यापिकांना मराठीत ईमेल करायचाय, पण माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. मा. लिहू की आदरणीय? तुम्ही की आपण? मसुदा केला तर तो एकतर उद्धट वाटतो नाहीतर लाचार. आणि शाळेने उत्तर दिलं नाही तर वर शिक्षणाधिकाऱ्यांना कसं लिहायचं?’

उद्धट आणि लाचार या दोन टोकांमध्ये मसुदा हेलकावे खातो, कारण आदर नावाआधीच्या विशेषणात असतो असं आपण धरून चालतो. मराठी अर्जात तो बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी, क्रियापदात असतो. ‘मा.’ चुकलं तर कोणी फारसं मनावर घेत नाही. ‘याची नोंद घ्यावी’ असं लिहिलं तर मात्र वाचणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते, आणि लिहिणाऱ्याला ती का पडली हे कळतही नाही. म्हणून मायना, निरोप वगैरे थोडक्यात आटोपून मी क्रियापदांवर जास्त बोलणार आहे.

त्याआधी एक गोष्ट भाषेची नाही, पण ती चुकली तर पुढची भाषा फुकट जाते. मुख्याध्यापिका तुमच्या मुलीचं नाव स्वतःच्या अधिकारात बदलू शकत नाहीत. जनरल रजिस्टरमधल्या नाव, जात, जन्मतारीख अशा नोंदींत दुरुस्ती करायला शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. शाळा प्रस्ताव तयार करते, कागदपत्रं जोडते आणि तो वर पाठवते. मंजुरी आली की रजिस्टरमध्ये दुरुस्ती होते. त्यामुळे ‘नाव त्वरित दुरुस्त करून द्यावे’ ही मागणी कितीही नम्रपणे केली तरी ती अशा व्यक्तीकडे आहे जिला ती पुरवता येत नाही. मागणी अशी हवी: ‘दुरुस्तीचा प्रस्ताव शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे पाठवावा.’ समोरच्याला जे करता येतं तेच मागितलं की विनवण्या आपोआप कमी होतात आणि पत्र ताठ मानेनं उभं राहतं.

तशीच दुसरी गोष्ट म्हणजे ‘बदल’ हा शब्द. विषयात ‘नावात बदल करणेबाबत’ असं लिहू नका. कार्यालयीन भाषेत नाव बदलणं म्हणजे जुनं नाव टाकून नवं घेणं, आणि त्याचा रस्ता राजपत्रातून जातो. तुमच्या मुलीचं नाव पहिल्यापासून स्नेहलच आहे. शाळेच्या नोंदीत ते चुकीचं पडलं आहे. त्याला शब्द आहे ‘दुरुस्ती’. ‘बदल’ वाचून लिपिकाने ‘राजपत्राची प्रत आणा’ असं सांगितलं तर त्याची चूक नाही, तुमच्या शब्दाची आहे.

मायना

कार्यालयीन पत्र व्यक्तीला नसतं, पदाला असतं. आज मुख्याध्यापिका असलेल्या बाईंची पुढच्या महिन्यात बदली झाली किंवा त्या निवृत्त झाल्या, तरी अर्ज त्या खुर्चीकडे राहायला हवा. म्हणून ‘प्रति, मा. मुख्याध्यापिका,’ आणि खाली शाळेचं पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा एवढं पुरतं. ‘मा.’ म्हणजे माननीय. तो पदाच्या आधी चालतो. ‘आदरणीय’ चूक नाही, पण त्यात वैयक्तिक जिव्हाळा आहे. आपल्या जुन्या गुरुजींना पत्र लिहिताना तो शोभतो, अर्जात ‘मा.’ बरा.

नेहमी दिसणारी गडबड म्हणजे ‘मा. श्री. मुख्याध्यापिका मॅडम यांस’. यात चार गोष्टी एकमेकींवर चढल्या आहेत. श्री. किंवा श्रीमती माणसाच्या नावाला लागतं, पदाला नाही. ‘मॅडम’ आणि ‘सर’ हे समोरासमोर बोलायचे शब्द. आणि वर ‘प्रति’ लिहिलं असेल तर शेवटी ‘यांस’ नको, कारण दोन्हींचा अर्थ एकच आहे. ‘प्रति’ टाळून ‘मा. मुख्याध्यापिका यांच्या सेवेशी’ असं लिहिणारेही आहेत. ते जुन्या वळणाचं आहे, पण शुद्ध आहे. दोन्ही वळणं एकत्र करू नका, इतकंच.

नाव घालायचंच असेल तर ‘श्रीमती’ वापरा. घरगुती पत्रिकांमध्ये सौ. आणि श्रीमती यांत जो फरक करतात तो कार्यालयात करत नाहीत. तिथे श्रीमती कोणत्याही स्त्रीला चालतं आणि वैवाहिक स्थितीचा अंदाज बांधण्याची वेळ तुमच्यावर येत नाही. काही जुन्या वळणाच्या बायकांना श्रीमती खटकतं हे खरं आहे. त्यावर उपाय तोच, नाव न लिहिता फक्त पद लिहिणं.

मग विषय, संदर्भ आणि त्याखाली ‘महोदया,’. शाळेच्या छापील नमुन्यांत ‘महोदय’ असतं आणि लोक तेच उचलतात. मुख्याध्यापिका बाई आहेत हे तुम्हाला माहीत आहे, तेव्हा ‘महोदया’च हवं. पदावर कोण आहे ते माहीत नसेल, जसं शिक्षणाधिकाऱ्यांच्या बाबतीत होऊ शकतं, तर ‘महोदय/महोदया,’ असं तिरपी रेघ घालून लिहायला संकोच नको.

‘स.न.वि.वि.’ मात्र इथे नको. तो ‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष’चा संक्षेप आहे, आणि मुख्याध्यापिकांशी आपलं नातं सप्रेम नसतं. त्याच न्यायाने शेवटचं ‘कळावे, लोभ असावा’ही घरगुती आहे. ओळखीच्या माणसाकडे लोभ मागतात. कार्यालयाकडे कार्यवाही मागतात.

आपण, तुम्ही आणि ‘झालं’चं ‘झाले’

‘तुम्ही’ लिहिल्याने अपमान होत नाही. अर्जात मात्र ‘आपण’ रूढ आहे, म्हणून तेच घ्या आणि शेवटपर्यंत टिकवा. पहिल्या ओळीत ‘आपल्या शाळेत’ आणि तिसऱ्या ओळीत ‘तुमच्या लिपिकाने’ असं झालं की वाचणाऱ्याला वाटतं, तिसऱ्या ओळीपर्यंत येताना तुमचा पारा चढला. बहुतेकदा ते खरंही असतं!

‘आपण’चा एक धोका आहे. मराठीत ‘आपण’ म्हणजे समोरचाही आणि आपण सगळेही. ‘आपण हा प्रस्ताव लवकर पाठवू’ हे शाळेला लिहिलं तर पाठवणार कोण? अशा जागी ‘आपण’ काढून पद घाला: ‘शाळेमार्फत प्रस्ताव पाठवावा.’

तिसऱ्या माणसाबद्दल लिहितानाही आदरार्थी बहुवचन हवं, तो माणूस शाळेतला लिपिक असो की शिपाई. ‘क्लार्क म्हणाला उद्या या’ हे बोलण्यात चालतं. अर्जात ‘संबंधित लिपिकांनी पुन्हा येण्यास सांगितले’ असं हवं. हा अर्ज छापून पहिल्यांदा त्याच लिपिकांच्या हातात जाणार आहे, हे लक्षात ठेवलं तर एवढं पुरे.

स्वतःबद्दल उलटं. सही करताना स्वतःच्या नावाला श्री., श्रीमती, सौ. लावू नये. आदर दुसऱ्याने द्यायचा असतो. मुलीला ‘कु.’ लावायला हरकत नाही. चि. आणि कु. हे मोठ्यांनी लहानांना लावायचेच शब्द आहेत.

इंग्रजी माध्यमातून आलेल्यांचं एक हमखास अडतं. आपण बोलतो तसं लिहितो: ‘नाव चुकीचं पडलंय’. हे उत्तर मीही तसंच लिहितो आहे, कारण हे बोलणं आहे. अर्जात मात्र शेवटचा अनुस्वार जाऊन मात्रा येते: चुकीचं ते चुकीचे, झालं ते झाले, केलंय ते केले आहे, सांगितलं ते सांगितले. मसुदा पूर्ण झाल्यावर केवळ ह्याच एका गोष्टीसाठी तो पुन्हा वाचा. दहा ओळींत एखादं ‘केलं’ राहून गेलं तरी ते डोळ्यांत खुपतं.

क्रियापद: खरी मेख इथे आहे

‘प्रस्ताव पाठवा’ ही आज्ञा. ती अर्जात चालणार नाही हे सगळ्यांनाच कळतं. म्हणून लोक ‘पाठवावा’ लिहितात आणि थांबतात. इथेच घोटाळा होतो. शासकीय पत्रव्यवहारात वरिष्ठ कनिष्ठाला लिहितो तेव्हा तोही ‘तात्काळ कार्यवाही करावी’ असंच लिहितो. नुसता ‘-वा, -वी, -वे’ म्हणजे सभ्य शब्दांतला हुकूम. खालून वर लिहिताना त्यापुढे ‘ही विनंती’ लागते: ‘प्रस्ताव पाठवावा, ही विनंती.’ ह्या दोन शब्दांनी दिशा बदलते.

हे रूप कर्माप्रमाणे बदलतं, ते नीट जुळवा. प्रस्ताव पाठवावा, नोंद दुरुस्त करावी, नाव दुरुस्त करावे, मूळ कागदपत्रे परत करावीत. ‘कागदपत्रे परत करावे’ असं पुष्कळ जण लिहितात, ते चूक आहे.

आणखी मवाळ हवं असेल तर ‘व्हावा, मिळावा’ आहेत: ‘प्रस्ताव सादर व्हावा, ही विनंती.’ यात करणाऱ्यावर बोट रोखलं जात नाही. पण प्रत्येक वाक्यात असं लिहिलं तर कोणी काय करायचं हेच धूसर होतं. सगळ्या पत्रात एकच मुख्य विनंती ठेवा आणि ‘नम्र विनंती’ एकदाच लिहा. ‘कृपया’ही तिच्याच वाक्यात नको, कारण विनंतीत कृपा आलीच. ‘कृपया’ एखाद्या छोट्या वाक्याला ठेवा: ‘कृपया कळवावे.’

आता ते शब्द, जे औपचारिक वाटतात म्हणून लोक घेतात आणि जे प्रत्यक्षात वरून खाली येणारे आहेत. ‘याची नोंद घ्यावी’ ही ताकीद आहे. ‘खुलासा करावा’ हे कारणे दाखवा नोटिशीतलं वाक्य आहे. ‘विनाविलंब अहवाल सादर करावा’ हे शिक्षणाधिकारी मुख्याध्यापिकांना लिहितील, पालक नाही. हे शब्द शासकीय पत्रं वाचून उचलले जातात, पण ती पत्रं कोणी कोणाला लिहिलेली आहेत हे पाहिलं जात नाही. शाळेला उद्देशून त्यांच्या जागी ‘आपल्या माहितीसाठी नमूद करीत आहे’, ‘याबाबत माहिती मिळावी’ आणि ‘शक्य तितक्या लवकर’ असं लिहिलं की काम भागतं.

‘सादर’ या शब्दाची चालही खालून वरच आहे. तुम्ही शाळेला कागदपत्रं सादर करता, शाळा शिक्षणाधिकाऱ्यांना प्रस्ताव सादर करते. ‘शाळेने मला दाखला सादर करावा’ हे वाचून कोणालाही हसू येईल. दाखला द्यावा किंवा मिळावा.

चूक कोणाची हे सांगतानाही क्रियापद मदतीला येतं. ‘शाळेने नाव चुकीचे लिहिले’ म्हटलं की समोरचा आधी स्वतःचा बचाव करायला बसतो. ‘नाव चुकीचे नोंदले गेले आहे’ म्हटलं की चूक कागदावर राहते, माणसावर जात नाही. माहिती दोन्हींत तीच आहे.

तुमच्या प्रकरणाचा मसुदा

मसुद्याआधी एकच गोष्ट तपासा: चूक कुठे सुरू झाली. माध्यमिक शाळा प्रवेशाच्या वेळी आधीच्या शाळेच्या दाखल्यावरून नाव उतरवते. त्या दाखल्यावर ‘स्नेहल’ असेल तर चूक या शाळेत झाली आणि तुमची बाजू भक्कम आहे. त्यावरच ‘स्नेहा’ असेल तर आधी प्राथमिक शाळेच्या रजिस्टरमध्ये दुरुस्ती करावी लागेल, आणि या शाळेला आत्ता लिहून उपयोग थोडाच. पुढचा मसुदा पहिल्या शक्यतेसाठी आहे. रजिस्टरचा क्रमांक नमुन्यापुरता घेतला आहे.

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
(शाळेचे पूर्ण नाव),
(गाव, तालुका, जिल्हा)

दिनांक : (दिवस/महिना/वर्ष)

विषय : जनरल रजिस्टरमधील विद्यार्थिनीच्या नावाच्या दुरुस्तीबाबत.
संदर्भ : जनरल रजिस्टर क्र. ४५१२, इयत्ता ९ वी, तुकडी ब.

महोदया,

माझी मुलगी कु. स्नेहल (वडिलांचे नाव, आडनाव) आपल्या शाळेत इयत्ता ९ वी, तुकडी ब मध्ये शिकत आहे. जनरल रजिस्टरमध्ये तिचे नाव ‘स्नेहा’ असे नोंदले गेले आहे. तिच्या जन्म दाखल्यात, आधार कार्डावर आणि प्राथमिक शाळेच्या दाखल्यावर ते ‘स्नेहल’ असे आहे.

इयत्ता १० वीच्या परीक्षेचे आवेदनपत्र भरण्यापूर्वी ही दुरुस्ती होणे आवश्यक आहे. तरी नाव दुरुस्तीचा प्रस्ताव शाळेमार्फत मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे सादर करावा, ही नम्र विनंती.

आवश्यक कागदपत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. आणखी कागदपत्रे किंवा प्रतिज्ञापत्र लागत असल्यास कृपया कळवावे. मी ते सादर करीन.

आपली विश्वासू,
(पूर्ण नाव)
(कु. स्नेहल हिची आई)
(पत्ता, मोबाईल क्रमांक)

सोबत : १) जन्म दाखला २) आधार कार्ड ३) प्राथमिक शाळा सोडल्याचा दाखला

यातल्या काही जागांचं कारण सांगतो. पहिल्या परिच्छेदात नुसती वस्तुस्थिती आहे, एकही विशेषण नाही. ‘अक्षम्य’, ‘मानसिक त्रास’, ‘वारंवार हेलपाटे’ हे शब्द पहिल्या पत्रात नकोत. दुसऱ्या परिच्छेदात घाई आहे, पण ती ‘तात्काळ’ या शब्दाने नाही, दहावीच्या आवेदनपत्राच्या कारणाने आली आहे. कारण दिलं की मुदत आपोआप दिसते. ‘तरी’ हा छोटा शब्द मराठी अर्जाचा सांधा आहे. त्याच्या अलीकडे परिस्थिती, पलीकडे विनंती. वाचणारा लिपिक सरावाने ‘तरी’पासूनच वाचायला लागतो, म्हणून मुख्य विनंती त्याच वाक्यात पूर्ण झाली पाहिजे.

‘आपली विश्वासू’ हे लिहिणाऱ्याप्रमाणे बदलतं, वाचणाऱ्याप्रमाणे नाही. तुम्ही आई म्हणून लिहीत असाल तर आपली, वडील असाल तर आपला. विश्वासूचा ‘सू’ दीर्घ. ‘आपली आज्ञाधारक’ हे विद्यार्थिनीने लिहायचं, पालकाने नाही.

विषयात ‘दुरुस्तीबाबत’ लिहिलं आहे. कार्यालयात ‘होणेबाबत, मिळणेबाबत, करणेबाबत’ फार चालतं. व्याकरणाच्या दृष्टीने ‘होण्याबाबत, मिळण्याबाबत’ ही रूपं बरोबर आहेत. पहिल्यामुळे काम अडत नाही, पण मुद्दाम उचलण्यासारखंही त्यात काही नाही. ‘उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की’ अशी सुरुवातही नको. त्या ओळीत एकही माहिती नाही, आणि ‘करण्यात येते’ हे कार्यालय स्वतःबद्दल बोलतं तेव्हाचं रूप आहे. तुम्ही एक माणूस आहात. ‘मी’ लिहा.

हे ईमेलमध्ये बसवताना

ईमेलच्या विषयाच्या चौकटीत पूर्ण विषय घालू नका. यादीत सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. ‘नाव दुरुस्ती – ९ वी ब – र.क्र. ४५१२’ एवढं घाला आणि सविस्तर विषय मजकुरात ठेवा.

अनेक शाळांत ईमेल लिपिकच उघडतात, त्याची छापील प्रत काढतात आणि ती आवक नोंदवहीत चढवून मुख्याध्यापिकांसमोर ठेवतात. म्हणून पत्र एका पानात मावलं पाहिजे, आणि ते सही केलेलं असलं पाहिजे. मजकूर ईमेलमध्येही ठेवा, आणि तोच छापून, सही करून, स्कॅन केलेली पीडीएफ जोडा. नुसत्या ईमेलला काही कार्यालयं अर्ज मानतात, काही मानत नाहीत. सहीची प्रत असली की तो प्रश्नच येत नाही. शाळेने स्वतःचा छापील नमुना ठरवलेला असेल तर तोच भरावा लागेल. तेव्हा वरचं पत्र त्याचं आवरणपत्र होईल.

टंकन युनिकोडमध्ये करा. मोबाईलवरचा मराठी कळफलक युनिकोडच असतो. जुन्या संगणकावर कृतिदेवसारख्या फाँटमध्ये लिहून मजकूर ईमेलमध्ये चिकटवला तर पलीकडे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. शंका असेल तर आधी स्वतःलाच दुसऱ्या फोनवर पाठवून पाहा. जोडलेल्या फायलींची नावं रोमन अक्षरांत आणि ओळखू येतील अशी द्या, उदाहरणार्थ `Snehal_9B_Arj.pdf` आणि `Snehal_Janma_Dakhla.pdf`. जोडपत्रांचा क्रम ‘सोबत’च्या यादीप्रमाणेच ठेवा.

पाठवल्यावर दोन-तीन दिवसांनी शाळेत फोन करून एवढंच विचारा, ‘माझ्या अर्जाचा आवक क्रमांक मिळेल का?’ त्या क्रमांकाने तुमचा ईमेल कार्यालयाच्या दृष्टीने अस्तित्वात येतो, आणि पुढच्या प्रत्येक पत्रात तो संदर्भात घालता येतो.

उत्तर आलं नाही तर

लगेच वर जाऊ नका. मध्ये एक पायरी आहे, स्मरणपत्र. किती दिवस थांबायचं हे आवेदनपत्राची तारीख किती जवळ आहे यावर ठरेल. हातात वेळ असेल तर पंधरा दिवस ठीक. विषय तोच ठेवून पुढे ‘(स्मरणपत्र)’ लिहा, संदर्भात पहिल्या ईमेलची तारीख आणि आवक क्रमांक द्या. मजकूर दोन-तीन वाक्यांचा: ‘वरील संदर्भीय अर्जाबाबत अद्याप माहिती प्राप्त झालेली नाही. प्रस्ताव शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे पाठविला असल्यास त्याचा जावक क्रमांक व दिनांक मिळावा, ही विनंती. प्रस्तावात काही त्रुटी असल्यास कृपया कळवावे.’ ‘माहिती प्राप्त झालेली नाही’ आणि ‘आपण उत्तर दिले नाही’ यांतला फरक आता वेगळा सांगायला नको. जावक क्रमांक मागणं हे या पत्राचं खरं काम आहे. प्रस्ताव गेला असेल तर क्रमांक मिळतो, गेला नसेल तर तो पाठवायची हालचाल सुरू होते.

त्यानंतरही काही हाललं नाही तर शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद यांना लिहायचं. मुंबईत हे काम शिक्षण निरीक्षकांकडे असतं, तेव्हा पद आधी नीट पाहून घ्या. इथे विनंती पुन्हा बदलते. नाव दुरुस्त करा, असं त्यांनाही म्हणता येणार नाही, कारण त्यांच्यासमोर प्रस्तावच आलेला नाही. म्हणून: ‘तरी सदर प्रस्ताव सादर करण्याबाबत संबंधित शाळेस योग्य ते निर्देश द्यावेत, ही विनंती.’ संदर्भात आधीचे दोन्ही ईमेल तारखांसह, आणि त्यांच्या प्रती सोबत. शाळेबद्दल एकही कडू शब्द नाही. तारखाच पुरेसं बोलतात.

हे पत्र शाळेला न कळवता पाठवू नका. खाली लिहा: ‘प्रत : मा. मुख्याध्यापिका, (शाळा) यांना माहितीसाठी.’ आणि ईमेलमध्ये शाळेचा पत्ता सीसीमध्ये ठेवा. मुलगी अजून दीड वर्ष त्याच शाळेत आहे. पाठीमागून गेलेल्या पत्रापेक्षा समोरून गेलेलं पत्र कमी झोंबतं.

विषयात ‘तक्रार’ हा शब्द या टप्प्यालाही मी घालणार नाही. तक्रार म्हटलं की कागद दुसऱ्याच टेबलावर जातो, शाळेकडून खुलासा मागवला जातो, खुलासा येतो, आणि त्या सगळ्या काळात नाव ‘स्नेहा’च राहतं. शाळेने अर्ज घेण्यासच नकार दिला किंवा पैसे मागितले तर गोष्ट वेगळी. तिथे ‘तक्रार’च लिहावं आणि घटना तारीखवार मांडावी.

आणि शाळेकडून ‘प्रस्ताव पाठविला आहे’ असं उत्तर आलं तर त्याच ईमेलला दोन ओळींचं उत्तर द्या: ‘आपला दि. … रोजीचा ईमेल मिळाला. प्रस्ताव पाठविल्याबद्दल आभारी आहे. मंजुरीनंतर जनरल रजिस्टरबरोबरच युडायस प्लसवरील नावाची नोंदही दुरुस्त व्हावी, ही विनंती.’ युडायस प्लस म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या माहितीची सरकारी ऑनलाइन प्रणाली. तिथली नोंद स्वतंत्र असते. रजिस्टर दुरुस्त होऊनही ती जुन्याच नावाने राहू शकते.